बिल नंबर नसलेलं पेमेंट: जुन्या बिलापासून लावायचं, बिलवार लावायचं की ऑन अकाउंट ठेवायचं?

ग्राहकाकडून ५९,००० जमा झाले. बँकेच्या उताऱ्यात नाव आहे, तारीख आहे, पण बिल नंबर नाही. त्याच्या खात्यावर तीन बिलं उघडी आहेत, मिळून येणं ९५,०००. ही रक्कम लावायचे मार्ग तीन. सॉफ्टवेअरला सर्वांत जुन्या बिलापासून आपोआप लावू द्यायची, ग्राहकाला विचारून बिलवार अ‍ॅडजस्ट करायची, किंवा तूर्त कुठेच न लावता ऑन अकाउंट ठेवायची. प्रत्येक मार्गाने कोणत्या बिलावर किती बाकी उरते ते असं:

| | मूळ रक्कम | जुनं आधी | बिलवार | ऑन अकाउंट |
|---|---|---|---|---|
| बिल १०१ | ४०,००० | ० | ६,००० | ४०,००० |
| बिल १०२ | २५,००० | ६,००० | ० | २५,००० |
| बिल १०३ | ३०,००० | ३०,००० | ३०,००० | ३०,००० |
| न लावलेली जमा | ० | ० | ० | −५९,००० |
| निव्वळ येणं | ९५,००० | ३६,००० | ३६,००० | ३६,००० |

शेवटची ओळ तिन्हीकडे सारखीच, म्हणून हा वाद अनेकांना रिकामटेकडा वाटतो. पण वसुलीवाला शेवटची ओळ बघून फोन करत नाही, तो बिल बघून करतो.

या ग्राहकाला १०१ मधला ६,००० चा माल फुटका मिळाला होता. त्याने तेवढे कापून ३४,००० धरले आणि १०२ चे पूर्ण २५,००० दिले. बिलवार लावलं तर तक्रार जिथे आहे तिथेच, १०१ वर, दिसते. जुनं आधी या पद्धतीत १०१ बंद होतं आणि ६,००० ची बाकी १०२ वर जाऊन बसते. मग आपला माणूस १०२ साठी फोन करतो, समोरचा म्हणतो, “अहो, ते पूर्ण भरलंय,” आणि दोघंही खरं बोलत असतात.

पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. समजा दहा दिवसांनी ग्राहकाच्या कारकुनाने चुकून १०२ चे २५,००० पुन्हा पाठवले. बिलवार पद्धतीत १०२ आधीच बंद आहे, त्यामुळे हे पैसे खात्यावर मोकळी जमा म्हणून राहतात आणि लगेच डोळ्यात भरतात. ग्राहकाला विचारता येतं: परत हवेत की पुढच्या बिलाला लावू?

जुनं आधी पद्धत मात्र असं काही विचारत नाही. ६,००० तिने १०२ ला लावले, उरलेले १९,००० १०३ ला. जादा पेमेंट झालं याची खूणसुद्धा उरली नाही आणि फुटक्या मालाची बाकीही पुसली गेली. १०३ वर फक्त ११,००० उरले. नंतर तक्रार मान्य करून ६,००० ची क्रेडिट नोट काढली, तर १०१ बंद असल्यामुळे तीही १०३ ला चिकटली, उरले ५,०००. ग्राहकाच्या वहीत मात्र १०३ अजून अख्खं उभं आहे, म्हणून तो प्रामाणिकपणे ३०,००० भरतो. आता खात्यावर २५,००० जादा दिसतात आणि सगळे १०३ चं पेमेंट का चुकलं हे शोधत बसतात. चूक मुळात १०२ ची होती. असं कोडं सोडवण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. शेवटी ग्राहकाचा उतारा मागवून ओळीला ओळ लावली तेव्हा कुठे धागा सापडला.

म्हणजे आपोआप लावणं वाईटच असं नाही. दर महिन्याला ठरावीक वर्गणी असते, बिलं लहान आणि एकसारखी असतात, तक्रारी जवळपास नसतात आणि ग्राहकही एकूण बाकीच बघतो, तिथे तीच पद्धत शहाणपणाची. शेकडो खात्यांवर बिलवार बसायला माणसं कुठून आणायची? दोन अटी मात्र मी घालतो. वादातल्या बिलावर खूण करून ते आपोआप लावण्यातून वगळायचं. आणि रक्कम एखाद्या बंद बिलाशी तंतोतंत जुळत असेल, तर लावण्याआधी कोणीतरी बघायचं, कारण दुबार पेमेंट बहुधा असंच सापडतं.

तिसरा मार्ग सुरक्षित वाटतो, कारण त्यात चूक होतच नाही. अडचण एजिंग रिपोर्टमध्ये येते, म्हणजे कोणतं बिल किती दिवसांपासून थकलंय हे रकान्यांत दाखवणाऱ्या यादीत. पैसे हातात असूनही १०१ थकीतच दिसतं आणि ग्राहकाला स्मरणपत्र जातं. काही व्यवस्थांत थकीत बिलामुळे पुढची ऑर्डरही अडते. शिवाय न लावलेली रक्कम रिपोर्टच्या कोणत्या रकान्यात पडते हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. कुठे पावतीच्या तारखेप्रमाणे, कुठे चालू रकान्यात, कुठे स्वतंत्र. आपल्याकडे काय होतं हे एकदा चाचणी करून बघावं, नाहीतर जुन्या थकबाकीचा आकडा खरा की फुगलेला हे कळायचं नाही. त्याहून फसवं म्हणजे निव्वळ शून्य दाखवणारं खातं. आत ४०,००० चं बिल उघडं आणि ४०,००० ची जमा मोकळी, पण सारांशात सगळं स्वच्छ. म्हणून सारांश बघून खातं तपासल्याचं समाधान मानू नये. उघड्या नोंदींची यादी काढावी.

ऑन अकाउंट माझ्या मते दोन-चार दिवसांचं प्रतीक्षालय आहे. ग्राहकाला विचारेपर्यंत ठेवावं. पैसे देणाऱ्याने कोणत्या बिलाचे ते सांगितलं असेल, तर अनेक देशांच्या करार कायद्यात त्याचंच म्हणणं चालतं. त्याने सांगितलं नसेल तरच निवड घेणाऱ्याकडे येते. म्हणून विचारण्याआधी लावून टाकणं उलटं पडू शकतं.

मोकळी जमा पुढच्या बिलाला लावतानाही ती कशाची आहे हे बघावं लागतं. जादा पेमेंट म्हणजे ग्राहकाचे खरे पैसे, त्याने मागितले तर परत द्यायचे. क्रेडिट नोट म्हणजे बिलातली घट. मूळ बिल भरलेलंच नसेल तर तिच्यापोटी रोख परत करण्यासारखं काहीच नसतं, आधी ती त्या बिलालाच लावायची. दोन्ही खात्यावर जमेच्या बाजूलाच दिसतात, त्यामुळे घाईत रिफंड चुकीचा निघतो.

तारखेचीही एक गोम आहे. २० तारखेला पैसे आले, बिल पुढच्या महिन्याच्या ३ तारखेचं, तर लावण्याची तारीख ३ किंवा त्यानंतरचीच हवी. ती मागे ओढली, तर महिनाअखेरीची मोकळी जमा मागाहून बदलते आणि तेव्हा छापलेला रिपोर्ट पुन्हा जुळत नाही. त्या महिनाअखेरीला असं जमा शिल्लक असलेलं खातं इतर ग्राहकांच्या येण्यातून वजा करून दाखवू नये, ते आपलं देणं आहे. एकाचे जादा पैसे दुसऱ्याची थकबाकी फेडत नाहीत.

आधीच चुकीचं लागलं असेल तर पावती रद्द करू नका. पैसे खरोखर आलेले आहेत आणि पावती रद्द केली की बँकेची जुळणी मोडते. फक्त बिलाशी जोडलेली गाठ सोडायची, आजच्या तारखेला, आणि योग्य बिलाला पुन्हा बांधायची. वरच्या उदाहरणात पहिल्या पेमेंटचे ६,००० १०१ वरून सोडून १०२ ला लावायचे, दुसरे २५,००० पूर्ण मोकळे करायचे, क्रेडिट नोट १०३ वरून काढून १०१ ला, आणि शेवटचे ३०,००० पूर्ण १०३ ला. तिन्ही बिलं शून्यावर येतात आणि एकच मोकळी जमा उरते, २५,००० ची, १०२ च्या दुबार पेमेंटच्या तारखेची.