मराठी पीडीएफसाठी लिबरऑफिस आणि नोटो सेरिफ देवनागरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी रत्नागिरीत भाषांतराची कामं करते. गेले काही महिने प्रत्येक मराठी पीडीएफ लिबरऑफिस रायटरमधूनच देते आहे, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी. जोडाक्षरं सुरेख बसतात, आणि फॉन्टचा परवाना मुक्त असल्यामुळे तो पीडीएफमध्ये घालून देताना काही अडत नाही. पण पानावर अक्षर नीट दिसलं म्हणजे फाइल नीट झाली असं नाही.

मच्छीमारांच्या सुरक्षा पुस्तिकेचंच बघा. किनाऱ्यापासून, वाऱ्याचा वेग, असे शब्द पानोपानी. छपाई उत्तम आली, पण ग्राहकाने पीडीएफमध्ये ‘वाऱ्या’ शोधलं तर निम्मी पानं सापडेचनात. मजकूर दोघांनी टाइप केलेला होता. एकाच्या कीबोर्डवरून ऱ् आलं होतं, म्हणजे U+0931 आणि हलन्त. दुसऱ्याच्या फाइलमध्ये साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक U+200D. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधणाऱ्याला मात्र दोन वेगळे शब्द.

आता पीडीएफ करण्याआधी शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून हे बदलून घेते:

```
शोधा: र्\u200D
बदला: ऱ्
```

हे बिनधास्त करावं, कारण तो जोडक असला की तिथे आडवा र च अभिप्रेत असतो. जोडक नसलेलं र्य मात्र सरसकट बदलू नका. तसं केलंत तर सूर्य आणि दर्यावर्दी दोन्ही बिघडतील. ‘वार्याचा’सारखी चूक एकेक वाचूनच काढावी लागते.

फाइल तयार झाली की टर्मिनलमध्ये या दोन ओळी चालवते:

```
pdffonts pustika.pdf
pdftotext -enc UTF-8 pustika.pdf -
```

पहिलीत emb आणि uni या दोन्ही रकान्यांत yes हवं: फॉन्ट फाइलमध्ये आहे, आणि चित्राक्षरांवरून युनिकोडकडे जाणारा तक्ता आहे. तरी दुसरी ओळ टाळू नये. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने मांडलेली असतात, त्यामुळे तक्ता असूनही ‘किनारा’मधली वेलांटी मजकुरात क च्या आधी येऊन बसू शकते. बाहेर पडलेल्या मजकुरात रोमन अक्षरांचा काला दिसला, तर मूळ परिच्छेद जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. अशा वेळी फॉन्ट बदलून भागत नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

रोजच्या माहितीपत्रकांना ही जोडी पुरेपूर उतरते. डिझायनर पुढे तोच मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणार असेल, तर मी युनिकोड फाइल आणि फॉन्ट सोबत देते, आणि त्याच्याकडून आलेली अंतिम पीडीएफ याच दोन ओळींतून पुन्हा तपासते.