सोसायटीला दिलेलं ग्रूमिंग कॅम्पचं पत्र: सात महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीत दर महिन्याला ग्रूमिंग आणि स्किनकेअरचा कॅम्प घेण्यासाठी मी कमिटीला दोनदा पत्र दिलं. पहिल्यात त्वचा कशी उजळेल, हेच पानभर होतं. ते सरळ फाइलला लागलं. नंतर लिफ्टपाशी सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, चेहऱ्यांचं कळलं, पण मोरी तुंबली तर कोण बघणार?"

दुसरं पत्र या एका प्रश्नावर उभं केलं. दुसरा रविवार, 10 ते 2, खालचा हॉल. वॅक्स हीटर आणि स्टीमर एका वेळी एकच चालू. केस, पट्ट्या, कापूस माझ्या पिशवीतून माझ्याबरोबर परत. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. सहा महिन्यांच्या प्रयोगाला मंजुरी मिळाली.

हॉलचं भाडं मात्र चुकलं. मी कमाईच्या 10 टक्के लिहिलं होतं, म्हणजे दर रविवारी खजिनदारांसमोर गल्ला मोजणं आलं. दोघंही वैतागलो. तिसऱ्या महिन्यापासून ठोक 500 रुपये केले.

सगळ्यात उपयोगी पडलं ते हे वाक्य: "रंग लावायचा असल्यास शुक्रवारी सकाळी पॅच टेस्ट, त्याशिवाय नाही." केसांचा कालवलेला रंग कानामागे नाण्याएवढा लावायचा आणि 48 तास बघायचं. एक काका चिडले, "वीस वर्षं लावतोय!" पत्राची प्रत दाखवली, तेव्हा बसले. रविवारी कानामागे लाल चट्टा, खाज. काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि त्याची ॲलर्जी इतकी वर्षं रंग सोसल्यावरही होऊ शकते. ते काकाच आता इतरांना शुक्रवारची आठवण करतात.

पत्रातलं भोक पाचव्या महिन्यात दिसलं. एका ताईंना ओठांवर वॅक्स केलं आणि पट्टीबरोबर सालच निघाली. थंड पाण्याची घडी ठेवली, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पैसे घेतले नाहीत. नावनोंदणीच्या कागदावर "औषध चालू आहे का?" असा प्रश्न होता आणि ताईंनी "नाही" लिहिलं होतं. खोटं नव्हतं. मुरुमांसाठी रात्री ट्रेटिनॉइनची ट्यूब लावत होत्या, पण ट्यूबला औषध कोण म्हणतं? या ट्यूबने त्वचेचा वरचा थर नाजूक होतो आणि वॅक्स त्यालाच धरून ओढतं. हे मला ठाऊक होतं, विचारलं मात्र चुकीच्या शब्दांत.

मुदतवाढीच्या पत्राला जोडलेल्या कागदावर आता प्रश्न असा आहे: "रात्री चेहऱ्याला कुठली ट्यूब लावता? असल्यास बरोबर आणा." ट्यूबवर ट्रेटिनॉइन किंवा त्याच जातीचं ॲडापलीन दिसलं की चेहऱ्याला वॅक्स नाही. गेल्या रविवारी चौघींनी ट्यूब आणल्या. त्यातली एक पायाच्या भेगांची निघाली.