स्पर्शिका की छेदिका: लाटांच्या तक्त्यासाठी काय वापरावं

रत्नागिरी पट्ट्यात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची आणि जेट्यांची आकडेमोड करणाऱ्यांना एक प्रश्न रोज पडतो: आठ सेकंदांची लाट पाच मीटर पाण्यात किती लांब असेल? सूत्र सगळ्यांना पाठ आहे, ω² = g·k·tanh(kh); ω म्हणजे 2π भागिले लाटेचा आवर्तकाल, k म्हणजे 2π भागिले लांबी, h म्हणजे पाण्याची खोली आणि g म्हणजे गुरुत्वत्वरण. पण त्यातून k मोकळा करता येत नाही. x = kh घेतलं आणि a = ω²h/g, की x·tanh x = a उरतं आणि त्याचं मूळ शोधत जावं लागतं. आठ सेकंद आणि पाच मीटरसाठी a येतो ०.३१४४.

मूळ ज्या पट्ट्यात आहे तो दर पायरीला अर्धा करत जाणं, म्हणजे दुभाजन, त्याबद्दल मी फार लिहीत नाही. ते हमखास चालतं, पण दशांशाचा एकेक अंक मिळवायला तीन-साडेतीन पायऱ्या खर्ची पडतात. खरी निवड न्यूटनची स्पर्शिका आणि छेदिका या दोघींतच आहे. मी दोन्हींवर तक्ते केले आहेत.

आधी स्पर्शिका. f(x) = x·tanh x − a घ्या. मूळ r, आपण x वर उभे, चूक e = x − r. आपल्या जागेवरून मुळापर्यंत टेलरच्या सूत्राने गेलो तर

```
0 = f(x) − e·f′(x) + ½·e²·f″(ξ)
```

ξ हा x आणि r यांच्यामधला कुठला तरी बिंदू. आता सगळ्याला f′(x) ने भागा. न्यूटनच्या पायरीत आपण x मधून f/f′ वजा करतो, म्हणून नवी चूक e − f/f′ इतकी राहते, आणि ती वरच्या ओळीतून थेट मिळते:

```
नवी चूक = [ f″(ξ) / (2·f′(x)) ] · e²
```

स्पर्शिका वक्राची उंची आणि उतार दोन्ही बरोबर पकडते. तिच्या हातून निसटतो तो फक्त वक्राचा बाक, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह. मुळापाशी पोचेपर्यंत त्या बाकामुळे वक्र स्पर्शिकेपासून ½·f″·e² इतका उभा दूर जातो. ही उभी फट उताराने भागली की आडवी चूक मिळते. e चा पहिला घात कुठेच उरत नाही, कारण तो स्पर्शिकेने आधीच खाऊन टाकलेला असतो.

आपल्या समीकरणात f″ = 2·(1 − tanh²x)·(1 − x·tanh x). मुळाशी f″/(2·f′) हा भागाकार, त्याला C म्हणू, साधारण ०.५१ येतो. मी मुद्दाम ढोबळ सुरुवात केली, x = १. तिथून उत्तरं आली ०.६२१५२, मग ०.५९२२६, मग ०.५९१८४३०७. मूळ आहे ०.५९१८४२९८. चुका पाहा: ०.४१, ०.०३०, ०.०००४२, ०.०००००००९. तिसऱ्या चुकेचा वर्ग करून त्याला ०.५१ ने गुणा, चौथी हातात येते. पहिल्या पायरीत मात्र गुणक ०.१८ च होता, कारण तेव्हा आपण मुळापासून लांब होतो आणि तिथला बाक वेगळा आहे. लाटेची लांबी 2πh/x, म्हणजे ५३.१ मीटर.

छेदिकेचं गणितही याच घरातलं. ती वक्राला दोन बिंदूंत गाठते, म्हणून मुळाशी तिची फट ½·f″ गुणिले मागच्या दोन चुकांचा गुणाकार अशी असते. नवी चूक साधारण C·e·(मागची e), C तोच. दोन बिंदू एकमेकांवर आणले की छेदिकेची स्पर्शिका होते आणि गुणाकाराचा वर्ग होतो. दर पायरीला घात २ ऐवजी १.६१८ पडतो. हे कमी वाटलं तरी छेदिकेला पायरीमागे f ची एकच नवी किंमत लागते. f′ काढायला f इतकीच मेहनत पडत असेल तर छेदिका वरचढ ठरते, हे मी मान्य करतो. इथे मात्र tanh एकदा काढला की f′ जवळजवळ फुकट मिळतो.

तरीही माझा कौल गेला तो एका वैतागामुळे. तक्त्यात दर ओळीला एक खोली, डावीकडून उजवीकडे पायऱ्या, अशी माझी मांडणी होती. छेदिकेचे आठ कॉलम ओढले आणि अर्ध्या पत्रकावर `#DIV/0!` उमटलं. ज्या ओळी लवकर जुळल्या, त्यांत शेवटचे दोन x तंतोतंत सारखे झाले होते. सारखे x म्हणजे सारख्या f, आणि सूत्राच्या छेदात त्यांचीच वजाबाकी. उत्तर बरोबर आल्याची शिक्षा म्हणून उत्तर पुसलं जात होतं. प्रत्येक घरात `IF` घालून ते झाकता येतं, मीही काही दिवस झाकलं. पण मग कुठली ओळ खरोखर जुळली आणि कुठली बिघडली हे नजरेने कळेना. न्यूटनच्या छेदात f′ असतो. मूळ साधं असेल, म्हणजे तिथे f′ शून्य नसेल, तर जुळल्यानंतरही पुढची घरं तोच आकडा मुकाट्याने लिहीत राहतात:

```
=B2-(B2*TANH(B2)-$A2)/(TANH(B2)+B2*(1-TANH(B2)^2))
```

A मध्ये a, B मध्ये सुरुवात, हे सूत्र C मध्ये टाकून उजवीकडे ओढायचं. मला चार-पाच कॉलम पुरतात.

न्यूटनलाही पथ्य आहे. वर्गाचा फायदा C·e एकापेक्षा बराच लहान असेल तेव्हाच सुरू होतो. पुळणीवर पाणी पाच सेंटीमीटर उरलं की a = ०.००३१ आणि मूळ ०.०५६. तिथे उतार इतका मंद असतो की C नऊच्या आसपास जातो. x = १ पासून सुरू केलं तर उत्तरं ०.३६, ०.१८, ०.१०, ०.०६४ अशी नुसती निम्मी होत उतरतात, आणि त्यानंतर कुठे वेग येतो. म्हणून उथळ पाण्यात सुरुवात √a पासून करा, खोल पाण्यात a पासून.

हेच निम्मं होणं मला पुढे एकदा उपयोगी पडलं. ओहोटीला खाडीच्या मुखातून पाणी बाहेर ओढतं आणि लाट समोरून आत येऊ पाहते. तेव्हा प्रवाह U चा हिशेब धरावा लागतो आणि समीकरण (ω − kU)² = g·k·tanh(kh) असं होतं. U हळूहळू उलट दिशेने वाढवत गेलो तसे माझे चार कॉलम पुरेनात. एका वेगाशी तर चूक शेवटपर्यंत दर घराला निम्मीच होत राहिली. आधी वाटलं f′ चं सूत्र चुकलं. ते बरोबर होतं. त्या वेगाला समीकरणाची दोन मुळं एकत्र येतात, f′ शून्य होतो आणि मूळ साधं राहत नाही. त्याच्या पुढे मूळच उरत नाही, कारण रेषीय सिद्धांताप्रमाणे तिथून आत लाटेची ऊर्जा प्रवाहाविरुद्ध सरकू शकत नाही. ओहोटीला मुखाशी लाटा उभ्या राहून फुटतात, त्यामागे हाच प्रवाह असतो.