१५० एएच की २०० एएच? इन्व्हर्टरची बॅटरी ठरवतानाचा हिशेब

दुकानात उभ्या उभ्या केलेला हिशेब असा असतो: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. घरचा लोड ३८० वॅट, म्हणजे पावणेपाच तास बॅकअप. गुणाकार-भागाकार बरोबर आहे. पण नवी कोरी, पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा या लोडवर पावणेतीन तासांच्या आतच मान टाकते. मधले दोन तास कुठे गेले हे कळलं, की १५० घ्यायची की २०० हा प्रश्न बराच सोपा होतो.

हिशेबासाठी साधं दोन बेडरूमचं घर घेऊ. ७५ वॅटचे तीन जुने पंखे (२२५), २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब (८०), वाय-फाय राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, आणि ६० वॅटचा टीव्ही. एकूण ३८० वॅट. फ्रिज, मिक्सर, गिझर इन्व्हर्टरच्या लाइनवर नाहीत. उन्हाळ्यात वीज गेली की तीन तास हे सगळं चालावं, एवढीच अपेक्षा.

पहिली गळती इन्व्हर्टरमध्येच होते. बॅटरीतल्या डीसीची २३० व्होल्टची एसी करताना आणि स्वतः चालू राहताना तो साधारण २० टक्के वीज खातो, असं धरून चालावं. म्हणजे घराला ३८० वॅट द्यायचे तर बॅटरीतून ४७५ वॅट ओढले जातात. १२ व्होल्टवर हा करंट जवळपास ४० अँपिअर होतो.

हा ४० चा आकडा महत्त्वाचा, कारण खरी मेख इथे आहे. बॅटरीवर छापलेले १५० एएच बहुतेक वेळा सी-२० दराचे असतात. साडेसात अँपिअरने वीस तास सावकाश रिकामी केली, तर त्यातून १५० एएच निघतात. तुम्ही तीच बॅटरी पाचपट वेगाने उपसताय. शिसं-आम्लाच्या बॅटरीत जोरात करंट ओढला की प्लेटच्या आतल्या भागापर्यंत आम्ल वेळेवर पोचत नाही, व्होल्टेज लवकर खाली येतं, आणि साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद होतो. बॅटरीत रसायन शिल्लक असतं, पण तुमच्या कामाचं नसतं. ट्युब्युलर बॅटरीतून या वेगाने छापील आकड्याच्या सुमारे ७० टक्केच हाती लागतात. १५० चे झाले १०५.

१०५ गुणिले १२, त्याचे ८० टक्के म्हणजे साधारण १००० वॅट-तास. भागिले ३८०. दोन तास चाळीस मिनिटं.

पुष्कळ ठिकाणी याच्या वर आणखी ‘बॅटरी ८० टक्केच वापरावी’ म्हणून पुन्हा कपात करायला सांगतात. तीन-चार तासांच्या जड लोडला ती दुसऱ्यांदा करू नये. वेगामुळे तुम्ही आधीच ७० टक्क्यांवर थांबलेले असता. एक पंखा आणि दोन दिव्यांवर रात्रभर काढायची असेल, तेव्हा मात्र ती कपात धरावी.

आता २०० एएच. करंट तोच ४० अँपिअर, पण मोठ्या बॅटरीला तो तितका जड जात नाही, म्हणून ७५ टक्के धरता येतात. १५० एएच खरोखर हाती आले, म्हणजे ३ तास ४५ मिनिटं. छापील आकडा एक तृतीयांशाने वाढला, पण वेळ चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला. मोठ्या बॅटरीचा खरा फायदा हा आहे, आणि लेबलवर तो दिसत नाही.

शिवाय बॅटरी म्हातारी होते. क्षमता ८० टक्क्यांवर आली की १५० वाली दोन तासांवर येते आणि २०० वाली जेमतेम तीन तासांवर. नवीन असताना पुरते की नाही हे पाहू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुरेल का ते पाहा. या घराला तीन तास हवेत, तर जुन्या पंख्यांसह १५० एएच कमी पडणार हे आजच ठरलेलं आहे.

पण तिसरा पर्याय आहे, आणि माझं मत त्याच्याच बाजूने आहे. तिन्ही पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर लोड २४५ वॅटवर येतो, बॅटरीवरचा करंट २५ अँपिअरच्या आसपास.

| पर्याय | लोड | नवीन असताना | ८० टक्के क्षमतेवर |
|---|---|---|---|
| १५० एएच, जुने पंखे | ३८० वॅट | २ तास ४० मि. | सुमारे २ तास |
| २०० एएच, जुने पंखे | ३८० वॅट | ३ तास ४५ मि. | सुमारे ३ तास |
| १५० एएच, बीएलडीसी पंखे | २४५ वॅट | ४ तास २५ मि. | सुमारे साडेतीन तास |

तीन पंख्यांचा खर्च दोन बॅटऱ्यांच्या किमतीतल्या फरकापेक्षा जास्त होतो, हे खरं. पण पंखे वीज असतानाही कमी युनिट खातात आणि पुढच्या बॅटरीलाही कामी येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने मात्र पंख्यांच्या नादी न लागता सरळ २०० घ्यावी.

२०० घेताना चार्जरकडे पाहा. शिसं-आम्लाची बॅटरी भरताना काढलेल्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त एएच परत घालावे लागतात. १५० एएच उपसले तर १८० परत. इन्व्हर्टर दहा अँपिअरनेच चार्ज करत असेल तर अठरा तास, आणि शेवटी करंट उतरत जातो म्हणून थोडे जास्तच. दिवसातून दोनदा भारनियमन असलेल्या गावात ती कधीच पूर्ण भरणार नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट कडक होत जातं आणि क्षमता अकाली घटते. अशा ठिकाणी १५ ते २० अँपिअर चार्जिंगची सोय असलेलाच इन्व्हर्टर हवा. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या शहरी भागात हा प्रश्न येत नाही.

लिथियमबद्दल थोडक्यात: १२.८ व्होल्ट, १०० एएच लिथियम याच ३८० वॅटवर दोन तास पंचवीस मिनिटं देते, म्हणजे जवळपास १५० च्या ट्युब्युलरइतकी. वेगाने उपसल्याचा तिला फारसा फरक पडत नाही. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची चार्जिंग सेटिंग नसेल तर तो विषय तिथेच सोडा.

लोड अंदाजाने धरण्यापेक्षा मोजता येतो. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरलेली असताना त्याच्या लाइनवरची नेहमीची उपकरणं चालू ठेवा, घरातलं बाकी सगळं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं असेल तर त्या संख्येला १८.७५ ने गुणा. वीस वेळा लुकलुकला तर ३७५ वॅट. आकडा अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला, तर वायरमनने फ्रिजचा पॉइंटही इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकलेला असू शकतो. हे बऱ्याचदा घडतं.

बॅटरी निवडताना लेबलवर सी-१० आहे की सी-२० तेही बघा. सोलरसाठीच्या बॅटरीवर सहसा सी-१० असतं, म्हणजे तेच १५० एएच दुप्पट वेगाने, दहा तासांत. सी-१० ची १५० आणि सी-२० ची १५० शेजारी ठेवून किमतीची तुलना करणं चुकीचं, पहिलीत खरोखर जास्त माल असतो.

बसवून झाल्यावर बॅटरी पूर्ण भरू द्या, मेन स्विच बंद करा आणि मोजलेल्या लोडवर घड्याळ लावा. नवी १५० एएच ३८० वॅटवर दोन तासही टिकली नाही, तर आधी चार्जिंग पूर्ण झालं होतं का ते तपासा आणि मग बॅटरीवरची उत्पादनाची तारीख. बरेच महिने गोदामात पडून राहिलेला माल असेल, तर वॉरंटीचं कार्ड भरण्याआधीच बदलून मागा.