थंडीतला हॉल: गालिचा-फ्लीस की घोंगडी-गोधडी?

नाशिकला डिसेंबर उजाडला की आमच्या हॉलची फरशी संध्याकाळी सातलाच पायाला झोंबायला लागते. गेल्या तीन हिवाळ्यांत मी दोन्ही प्रकार वापरून पाहिले. पहिले दोन हिवाळे लांब केसांचा पॉलिस्टरचा गालिचा आणि सोफ्यावर फ्लीसची दोन ब्लँकेटं होती. यंदा सतरंजी, तिच्यावर घोंगडी आणि सगळ्यात वर गोधडी.

आधी गालिच्याच्या बाजूनं. पाय टेकताच तो मऊ लागतो, टोचणं नाही, वास नाही. फ्लीस मशीनमध्ये धुतलं की दोन-तीन तासांत वाळतं. घरात रांगतं बाळ असेल आणि रोज काहीतरी सांडत असेल, तर मीही कदाचित तेच घ्या म्हणेन.

माझं मत फिरलं ते चटक्यांमुळे. जानेवारीतल्या कोरड्या हवेत आई गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या स्टीलच्या कडीला हात लावायची आणि दचकून मागे घ्यायची. रात्री दिवे घालवून फ्लीस अंगावरून ओढलं की तडतड आवाज यायचा, बारीक ठिणग्याही दिसायच्या. पॉलिस्टर हवेतला ओलावा जवळजवळ धरतच नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे घासण्यातून साठलेली वीज तिथेच अडून राहते आणि धातूला हात लागला की एकदम सुटते. मी गालिच्यावर पाण्याचा फवारा मारला, फ्लीस धुताना कंडिशनर घातलं. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी आई पदराचं टोक हातात धरून कडी काढायला लागली. ते पाहिलं आणि गालिचा गुंडाळला.

लोकर चांगला पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते, सुती कापड साधारण त्याच्या निम्मा. अगदी कोरड्या हवेत लोकरही कधी चटका देते, पण आमच्याकडे पाय लागतो तो वरच्या सुती गोधडीला. यंदाच्या हिवाळ्यात आईनं एकदाही हात झटकलेला नाही.

घोंगडीचे त्रास मात्र आहेत. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे कडक असते, वास येतो आणि उघड्या पायाला ती टोचतेच. मी आठवडाभर तिला उन्हात टाकलं, रोज झटकलं, तेव्हा ती जरा सैल पडली. टोचण्यावर उपाय गोधडीचाच. खाली सतरंजी हवीच, नाहीतर गुळगुळीत फरशीवर घोंगडी सरकते. ऊब खरी येते ती या थरांमध्ये अडकलेल्या हवेतून, म्हणून गोधडी ताणून, चापून बसवू नका, सैल पसरा. उन्हाळ्यात घोंगडी नुसती घडी करून ठेवली तर कसर लागते. बारीक गोल भोकं आणि घडीत वाळूसारखी पूड दिसली की समजायचं. कडक ऊन दाखवून, झटकून, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह घट्ट बांधून ठेवणं बरं.

उजेडाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मला फारशी शंका उरली नाही. पांढऱ्या ट्यूबखाली कुठलीही गोधडी दवाखान्यातल्या चादरीसारखी दिसते. पिवळसर उजेडाचे, म्हणजे खोक्यावर 2700K किंवा 3000K लिहिलेले बल्ब घ्या. छतात एक मोठा लावण्यापेक्षा पाच-पाच वॉटचे दोन, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीच्या खाली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेले, मला जास्त आवडले. मी आधी कोपऱ्यातल्या दिव्यात नऊ वॉटचा लावला होता, तो डोळ्यात घुसायचा. मुलांच्या अभ्यासाला आणि धान्य निवडायला ट्यूब ठेवलीच आहे.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पहिला पिवळा बल्ब स्वस्तातला होता. आजीच्या डाळिंबी नऊवारीचा तुकडा आमच्या गोधडीत मधोमध आहे, तो त्या उजेडात चिखलासारखा तपकिरी दिसायला लागला. मला वाटलं, रंगच विटला. सकाळी उन्हात पाहिला तर होता तसाच. उजेड पिवळा असला तरी त्यात लाल रंग नीट दाखवण्याची ताकद कमी असू शकते. उजेडात रंग किती खरे दिसतात ते CRI हा आकडा सांगतो. खोक्यावर CRI 90 किंवा जास्त लिहिलेला घेतला आणि डाळिंबी परत आला. दुकानात खोका वाचायचा कंटाळा असेल तर लाल कापडाची चिंधी बरोबर न्या, लावलेल्या बल्बखाली धरा आणि मग दाराशी उजेडात येऊन बघा.

भाड्याचं घर, सतत बदल्या, धुण्याला वेळ नाही, अशांना गालिचा-फ्लीस सोयीचं पडेल, माझी हरकत नाही. फक्त घेण्याआधी ते एकदा कोरड्या थंडीच्या रात्री कुणाच्या तरी घरी अंगावर ओढून पाहा. आमच्याकडे हल्ली जेवणं झाली की आई सोफा सोडून खाली गोधडीवर येऊन बसते, भिंतीजवळच्या दिव्याशी, पाय घोंगडीच्या कडेखाली सारून.