नाइट लाइट, ६५०० केल्विन आणि लग्नाचे अल्बम : सात महिन्यांच्या वापरानंतर

मी सांगलीत लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. फोटोग्राफर मंडळी संध्याकाळी डेटा आणून देतात, त्यामुळे माझं खरं काम सातनंतर सुरू होतं आणि हंगामात रात्री दीड वाजेपर्यंत चालतं. मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, विंडोज ११ वर. मागच्या हंगामात डोळे इतके चुरचुरायला लागले की मी नाइट लाइट, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारं विंडोजमधलं सेटिंग, चालू केलं. तेव्हापासून सात महिन्यांत सेटिंग तीनदा बदललं. त्यातली पहिली दोन चुकली, ती का चुकली तेच आधी सांगते.

पहिले दोन महिने त्याची Strength, म्हणजे पिवळेपणाचा जोर, शंभरपैकी २० वर ठेवली होती. एवढ्याशा पिवळेपणाने रंगांना काय होणार, असा माझा हिशेब. पाच-दहा मिनिटांत तो पिवळेपणा जाणवेनासाही व्हायचा. मग एक तीस पानी अल्बम छापून आला. अंतरपाट निळसर, नवरदेवाचं धोतर निळसर, आणि हळदीच्या पानांवर हळदच उतरलेली. मला वाटलं लॅबचं काहीतरी चुकलं. लॅबवाल्या दादांनी माझीच फाइल उघडली, धोतरावर आयड्रॉपर, म्हणजे फोटोतल्या ठिपक्याचा रंग आकड्यांत सांगणारं साधन, ठेवला आणि आकडे वाचून दाखवले: लाल २१४, हिरवा २२१, निळा २३७. पांढऱ्या सुती कापडाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, फार तर निळा थोडा कमी. चूक माझ्या फाइलमध्येच होती. अल्बम स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिला.

हे होतं असं. नाइट लाइट फाइलला हात लावत नाही. ग्राफिक्स कार्डाकडून स्क्रीनला जाणाऱ्या सिग्नलमधला निळा ते बराच आणि हिरवा थोडा कमी करतं. डोळा त्या पिवळ्या पांढऱ्याला सरावतो, पण पूर्णपणे नाही, कारण खोलीतली ट्यूबलाइट, टेबलावरचा कागद, भिंत हे सगळं त्याला खरा पांढरा दाखवत राहतं. आपल्याकडच्या घरांतल्या पांढऱ्या ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनच्याच असतात. केल्विन हे प्रकाश किती पिवळा की निळा याचं माप, आणि ६५०० हे नेमकं तेच मूल्य, ज्यावर एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगांच्या नेहमीच्या मानकाचा पांढरा ठरलेला आहे. मग फोटो किंचित पिवळा वाटत राहतो आणि हात आपोआप टेंपरेचरचा स्लायडर निळ्याकडे नेतो. Strength ७० असती तर रंगकाम करायची हिंमतच झाली नसती. २० दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. आराम आणि रंग दोन्ही थोडे थोडे मिळावेत म्हणून मधलं सेटिंग धरणाऱ्यांना मी हेच सांगेन, त्यात दोन्ही हातचे जातात.

दुसरा प्रयोग असा, की एरवी नाइट लाइट जोरात ठेवायचं आणि रंग बघायच्या वेळी तेवढ्यापुरतं बंद करायचं. यात चूक उलट्या दिशेने झाली. तासभर पिवळ्या स्क्रीनला सरावलेल्या डोळ्याला ६५०० चा पांढरा एकदम निळा दिसतो. मी घाईने ऊब वाढवली आणि सकाळी बघते तर नवरीचा चेहरा नारिंगी, पैठणीचा मोरपंखी रंग हिरव्याकडे झुकलेला. एकाच महिन्यात एकीकडे निळे आणि दुसरीकडे नारिंगी फोटो गेले, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच सेटिंग होतं.

खरा आराम मिळाला तो ब्राइटनेसमधून. मॉनिटर घरी आला तेव्हापासून ब्राइटनेस ८० वर होता, कधी बघितलाच नव्हता. शेजारच्या फोटोग्राफर ताईंनी एक साधी युक्ती दाखवली. रात्री ज्या उजेडात काम करतो त्याच उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा, स्क्रीनवर रिकामं पांढरं डॉक्युमेंट उघडायचं, आणि स्क्रीन कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा. माझा थेट २९ वर आला. पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटली, तिसऱ्या दिवशी जुना ८० बघवेना. खोली अंधारी करून काम करायची सवयही सोडली. आता मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर छोटी पांढरी ट्यूब लावली आहे. पूर्वी टेबलावर पिवळा बल्ब होता, आणि त्याच्या शेजारी बरोबर लावलेली स्क्रीनसुद्धा निळी वाटायची.

चुरचुर कमी झाली ती मुख्यतः यामुळे, आणि मी मध्येमध्ये मुद्दाम पापण्या मिटायला लागले त्यामुळे. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही सांगते. तरी रात्री अकरानंतर पिवळी स्क्रीन मला सुखाची वाटते, म्हणून मी ती ठेवते, फक्त रंगाच्या कामात नाही.

आता पाच महिने बसलेली घडी अशी आहे. सात ते साडेदहा रंगकाम: मॉनिटरच्या मेनूत ६५०० के, नाइट लाइट बंद. साडेदहानंतर पानांची मांडणी, नावं-तारखा टाकणं, बिलं, मेसेज: तेव्हा Strength ५५. सूर्यास्तानुसार चालू होणारं वेळापत्रक मी काढून टाकलं, कारण डिसेंबरात ते सहाच्या सुमारास लागतं आणि मेमध्ये सातच्या आसपास, आणि मी कामात असले की कधी लागलं हे कळायचंच नाही. वेळ हाताने घातली आहे:

Settings > System > Display > Night light > Schedule night light > Set hours

रात्री रंगाची दुरुस्ती करावीच लागली तर नाइट लाइट बंद करून दहा मिनिटं उठते, घरात पांढऱ्या उजेडात काहीतरी आवरते, मग बसते. तेवढाही वेळ नसेल तर डोळ्यावर विश्वास ठेवत नाही, आकड्यांवर काम करते. आयड्रॉपर फाइलमधली किंमत वाचतो, स्क्रीनवरची नाही, त्यामुळे नाइट लाइट चालू असतानाही तो बरोबरच सांगतो. अंतरपाट, धोतर, भटजींचं उपरणं यांपैकी काहीतरी पांढरं प्रत्येक विधीत सापडतंच. सावलीत नसलेला आणि उजेडाने पूर्ण उडालेला नसलेला भाग निवडायचा, तिन्ही आकडे जवळ आणायचे. हळदीच्या फोटोंत मात्र सांभाळून, कारण तिथल्या पांढऱ्या कपड्यावर खरोखरची हळद लागलेली असते. तिथे मंडपातली स्टीलची भांडी बघते.

काही अडचणी राहिल्याच. नाइट लाइट दोन्ही स्क्रीनला एकदम लागतं, एका स्क्रीनपुरतं लावता येत नाही. म्हणून मेसेज वाचायच्या जुन्या मॉनिटरवर त्याच्याच मेनूतला Warm पर्याय कायमचा ठेवला आहे. शिवाय स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण लावून ते बरोबर करून घेतले, म्हणजे कॅलिब्रेट केलं, तर त्याची दुरुस्तीही ग्राफिक्स कार्डाच्या त्याच तक्त्यात बसते ज्यात नाइट लाइट ढवळाढवळ करतं. माझ्याकडे नाइट लाइट बंद केल्यावर ती दुरुस्ती कधी परत यायची, कधी नाही. राखाडी पट्टीत गुलाबी छटा दिसली की मी समजते गेली, आणि साइन आउट करून परत येते.

मागच्या आठवड्यात रात्री अकराला एका नवरीच्या आईंचा मेसेज आला, ‘सगळे फोटो पिवळे आलेत हो.’ सोबत स्क्रीनशॉट. माझ्याकडे आयड्रॉपरने बघितलं तर त्याचे आकडे अगदी बरोबर होते, कारण स्क्रीनशॉटमध्ये ही पिवळी छटा येतच नाही. मी त्यांना म्हटलं, ‘काकू, फोनवर रात्रीचा मोड लागलाय का बघा जरा.’ लागला होता. आता नमुन्याची पानं मी सकाळी दहानंतरच पाठवते.