कॅप्सूल पाहायची तर ओली इंडिया इंक की अँथनीची पद्धत?

क्लेबसिएला न्यूमोनी या जिवाणूची कॅप्सूल, म्हणजे पेशीच्या भिंतीबाहेरचं आवरण, पाहायची असेल तर मी आधी इंडिया इंककडे वळतो. स्लाइडवर शाईचा छोटा थेंब घ्यायचा, त्यात किंचित कल्चर मिसळायचं, कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाने हलकं दाबायचं. शाईचे कण कॅप्सूलमध्ये शिरत नाहीत, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणूभोवती स्वच्छ वलय उमटतं. थर जाड झाला तर सगळंच काळं दिसतं. इथे काहीच वाळत नाही, म्हणून वलयावर विश्वास ठेवता येतो.

अँथनीच्या पद्धतीत दुधात केलेला स्मिअर हवेत वाळवतात, आच देत नाहीत. क्रिस्टल व्हायोलेटनंतर 20% कॉपर सल्फेटने धुतात. पाण्याने धुतलं तर कॅप्सूलच वाहून जाते. स्लाइड टिकते, पण वाळताना पेशी आकसली तर कॅप्सूल नसतानाही पोकळी दिसते. म्हणून तुलनेसाठी कॅप्सूल नसलेला जिवाणू शेजारी हवाच.

हे वलय म्हणजे बहुधा पाणी धरून ठेवणारी पॉलिसॅकराइड. न्यूमोकोकस या जिवाणूमध्ये कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांपैकी C3b भिंतीवर बसला, तरी कॅप्सूलखाली झाकला जातो आणि भक्षक पेशीच्या रिसेप्टरला सापडत नाही. कॅप्सूलविरोधी अँटिबॉडी पृष्ठभागावरच चिकटते, तेव्हा मात्र भक्षक पेशीला पकड मिळते.